तीन डब्यांचा नंबर

बँकेत लागल्यावर पहिली ताकीद मिळाली ती मोकळ्या जागेबद्दल. आकडा लिहिताना मध्ये जागा सोडायची नाही, आकडा संपला की पुढं आडवी रेघ मारायची. जागा दिसली की कुणीतरी तिथं एक आकडा घुसडतो आणि शंभराचे हजार होतात. आमचे शाखाधिकारी हे इतक्या कळवळ्यानं सांगत की त्यांच्या स्वतःच्या घरावर दरोडा पडला असावा असं वाटे. मी मान डोलावली. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींना मान डोलवायची, नंतर ती सवय सुटली.

सहकारी बँकेची ती शाखा ढोकीजवळच्या एका गावात होती. दुष्काळाचं वर्ष होतं. उसाचं पीक गुडघ्याएवढं राहून वाळलेलं, कारखान्याचा हंगाम लवकर आटोपलेला. एरवी त्या भागात दिवसाची वेळ भोंग्यावरून कळते. त्या वर्षी भोंगा गप्प होता आणि दुपार कुठं संपते ते समजायचं नाही. मी एक खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकिणीनं नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि त्यानंतर तिचा चहा भिंतीच्या पलीकडेच राहिला. पाणी मात्र ती देई, टँकर आला की माझी घागर स्वतः भरून उंबऱ्याबाहेर ठेवे. मी हाक मारली तर ओ देई. मला हाक मारत नसे.

शाखेत बाई मी एकटीच. बाकीचे जेवणाच्या सुट्टीत समोरच्या हॉटेलात जात. मी डबा उघडून बेरजेच्या मशिनकडं तोंड करून जेवत असे. रविवारी तर मी कुणाशी बोलतच नसे. सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाला "काय पाहिजे?" विचारताना आवाज घोगरा निघायचा, कालपासून वापरला नव्हता म्हणून.

त्याच वर्षी मुख्य कचेरीनं हिशेब कुठल्याशा कॉम्प्युटर सेंटरला द्यायचं ठरवलं आणि आमच्या साध्यासुध्या खाते नंबरांचं वाटोळं झालं. आधी खातं म्हणजे छत्तीसशे अठरा, संपलं. आता पुढं शाखेचे चार आकडे आले, आणि खात्याला आठ घरं दिली. नंबर चारच आकडी असेल तर उरलेल्या घरांत शून्यं भरायची. छत्तीसशे अठराचं झालं ४१०७००००३६१८. पासबुकांवर हे बारा आकडे एका दमात लिहायचे. मी लिहायला लागले, आणि दोन दिवसांत माझे डोळे फिरले. शून्यं तीन लिहिली की चार, हे परत बोट ठेवून मोजल्याशिवाय कळेना.

"साहेब, चार-चार आकड्यांनंतर थोडी जागा सोडली तर?" मी विचारलं. "तीन तुकडे होतील. वाचायला सोपं जाईल."

"बाई, बँकेत जागा सोडत नसतात."

"ते रकमेत, साहेब. नंबर बाराच आकडी असतो. मध्ये कुणी एक घुसडला तर तेरा होतील, लगेच दिसेल."

त्यांनी पासबुक मिटून परत माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाले, "वरून लेखी येऊ दे." वरून लेखी कधीच येत नसतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जिथं जिथं नंबर कळवायचे तिथं त्यांनी पत्रं पाठवली, नंबर एका ओळीत, माळेसारखे टाइप करून.

छत्तीसशे अठरा हे एका म्हातारीचं खातं. जवळच्या वस्तीवरून बाजाराच्या दिवशी चालत यायची, काउंटरच्या कडेला बसायची आणि गर्दी ओसरली की पासबुक माझ्यासमोर सरकवायची. तिचा एकुलता एक मुलगा कोल्हापूरकडं साखर कारखान्यात फिटर होता. दर महिन्याला त्याच्या बँकेतून तिच्या खात्यात पैसे यायचे. पत्र नाही, निरोप नाही, फक्त नोंद. तिला वाचता येत नव्हतं. मी नोंदीवर बोट ठेवायची, मग ती त्याच जागेवर तिचं बोट ठेवायची आणि पासबुक पदराखाली घालून निघून जायची. पैसे काढण्याची तिला कधी घाई नसे.

नवे नंबर सुरू झाले त्या महिन्यात तिची नोंद आली नाही.

"उशीर झाला असंल," ती म्हणाली. पुढच्या महिन्यातही आली नाही. त्या दिवशी ती काउंटरला धरून उभीच राहिली आणि तिनं मला सगळं सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात चारा मिळेना म्हणून मुलानं तिला न विचारता बैलजोडी बाजारात नेऊन विकली होती. ती वासरं होती तेव्हापासून तिनं सांभाळलेली. "म्या म्हनले, परत तोंड दावू नगंस. रागात म्हनले वो बाई. त्यानं काई तोंड दावलं न्हाई. पर पैसं धाडायचा. म्या समजायचे, हाय म्हनून. आपलं काईतरी ऱ्हाईलंय त्याच्या मनात." मग हळू आवाजात म्हणाली, "आता त्यानं बी सोडलं का मला?"

मी म्हणाले, "बँकेचा घोळ असेल, आजी." मला खात्री नव्हती. खरं तर मला वाटत होतं की त्यानं सोडलंच असणार. माणसं सोडतात, त्याला काही कारण लागत नाही, हे तेव्हा मी रोज संध्याकाळी त्या खोलीत बसून स्वतःला पटवत असे.

मी मुख्य कचेरीला फोन बुक केला. बऱ्याच वेळानं लागला. तिकडचा कारकून चिडखोर होता, पण माझ्याइतका नव्हे. मी म्हटलं, तुमच्याकडं अनामत खात्यात ठेवलेल्या रकमा बघा, खातं सापडलं नाही म्हणून बाजूला काढलेल्या. त्यानं कागद चाळले. कोल्हापूरकडून आलेल्या दोन रकमा होत्या, दोन्हींवर आमच्या शाखेचा नंबर.

"वाचा."

"चार एक शून्य सात शून्य शून्य शून्य तीन सहा एक आठ," तो भराभरा म्हणाला.

मी पासबुकावर डोळे ठेवून ऐकत होते. "बरोबर आहे. मग जमा का केली नाही?"

"बरोबर असती तर मशिननं घेतली असती."

"मी इथं नंबर समोर धरून बसलेय. हाच आहे."

"मॅडम, मशिन खोटं बोलत नाही."

आम्ही भांडलो. लाइन खरखरत होती. त्यानं पुन्हा वाचलं, मी पुन्हा बरोबर म्हटलं. फोन ठेवायची वेळ आली. मला ती म्हातारी दिसत होती, कोपऱ्यात बसलेली, माझ्या तोंडाकडं बघत. ती माझ्या चेहऱ्यावर तिचा मुलगा शोधत होती. मी म्हणाले, "दादा, एकदाच. चार आकडे वाचा आणि थांबा. मी परत म्हणेन, मग पुढचे चार."

"चार एक शून्य सात."

"चार एक शून्य सात. पुढं."

"शून्य शून्य शून्य तीन."

माझ्या समोर शून्य शून्य शून्य शून्य होतं.

"पुढं वाचा," मी म्हणाले. माझा आवाज बदलला असावा, कारण साहेब खुर्चीतून उठून आले.

"सहा एक आठ." तो थांबला. "मॅडम, हा तुकडा तीनचाच आहे."

एक शून्य गळालं होतं. तिकडच्या बँकेत कुणीतरी आमच्या पत्रातली ती माळ उतरवून घेताना चारची तीन शून्यं केली होती. कानाला ते कळत नाही, शून्यामागून शून्य सांडत गेलं की सगळी सारखीच. चारचे तुकडे पाडले की मात्र शेवटचा डबा अर्धवट भरलेला दिसतो आणि माणूस थांबतो.

साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. पाठवणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव विचारून घेतलं. आमच्या अंदाजानं पैसे टाकू नका, तिकडच्या बँकेकडून लेखी घ्या, हे बजावलं. त्यात ते बरोबर होते. फोन ठेवून ते जागेवर गेले आणि थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "पासबुकांवर नंबर चार-चार करून लिहा. रकमेत जागा सोडलीत तर बघा." मी हसले. त्या शाखेत मी पहिल्यांदाच हसले असेन.

मी म्हातारीजवळ जाऊन बसले. तिच्याशेजारी, जमिनीवर. "आजी, त्यानं पाठवले होते. दोन्ही महिन्यांचे. बँकेनं अडवून ठेवले."

तिनं आधी विश्वास ठेवला नाही. "मला बरं वाटावं म्हनून म्हनतीस."

"नाही. त्याचं नाव वाचलं तिकडच्या माणसानं."

तिनं पदर तोंडावर घेतला आणि खांदे हलत राहिले. पैशांबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढच्या बाजाराला नोंदी आल्या होत्या. मी बोट ठेवलं, तिनं बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला त्यो लंबर पाठ करून दे. कुनी इचारलं तर सांगता याया पायजे. परत घोळ नगं."

मी तिला तीन डब्यांत शिकवला. जात्यावर ओवी म्हणावी तशी ती प्रत्येक चारानंतर श्वास घेई. "चार येक पूज्य सात. पूज्य पूज्य पूज्य पूज्य. तीन सा येक आठ." मधल्या चार पूज्यांवर तिला हसू यायचं. त्यानंतर दर बाजाराला ती आधी नंबर म्हणायची आणि मग पासबुक पुढं करायची.

एकदा गर्दी नव्हती. तिनं विचारलं, "तुजं बी खातं हाय का गं इथं?"

"आहे की. पगार त्यातच येतो."

"त्याचा लंबर कुनाला ठावं हाय?"

आई-वडील गेले होते. भावाला मी पैसे पाठवायची, त्यानं मला पाठवायचा प्रश्न नव्हता. गावात कुणी नव्हतं. "कुणाला कशाला हवा?" मी म्हणाले, जरा फटकळपणेच.

ती काउंटरवर पुढं वाकली. "सांग मला. म्या पाठ करते."

"तुम्ही काय करणार त्याचं, आजी?"

"काई न्हाई. ठिवते."

म्हणून मी सांगितला. चार एक शून्य सात. शून्य शून्य शून्य शून्य. चार दोन नऊ सहा. पहिले दोन डबे तिच्यासारखेच होते, तिला शेवटचाच नवा शिकावा लागला. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत ती दर बाजाराला दोन नंबर म्हणायची, आधी मुलाचे पैसे येतात तो, मग माझा. मी पासबुक हातात घेऊन ऐकायची आणि माझ्या नंबराला मान डोलवायची.

बदलीनंतर ते खातं बंद केलं. पुढं किती नंबर झाले, आता तर सोळा आकड्यांचं कार्डही आहे, छापतानाच चार-चार करून दिलेलं. ते मलासुद्धा पाठ नाही. दुसऱ्या कुणी पाठ करायला मागितलंही नाही.