चेनवाल्या काकांना ईमेल

पिशव्यांच्या कारखान्याची मालकीण सकाळपासून सूट मागण्यासाठी एकच ईमेल लिहून खोडत होती. चेनवाले काका तिला कित्येक वर्षं माल पुरवत होते. अडीनडीला तिच्यासाठी दुसऱ्यांची ऑर्डर मागे ठेवत.

दीर म्हणाला, "दुसऱ्याचा भाव दाखव, येतील वठणीवर."

"ते काय शत्रू आहेत?" ती वैतागली.

शेवटी तिने सरळ लिहिलं, 'काका, यंदा आमची मागणी दुप्पट झाली आहे. सहा महिन्यांची ऑर्डर एकदम नक्की करते, माल दरमहा पाठवा. दहा टक्के सूट जमेल का?'

उत्तर आलं, 'पाच जमतील. सगळा माल उचललास तर शेवटच्या बिलात आणखी दोन. पण पोरी, फोन का नाही केलास?'

"फोनवर तुमच्यापुढे तोंड उघडतं का माझं!" ती स्क्रीनवरच करवादली आणि तिने मुकाट 'चालेल, काका' लिहून टाकलं.