उजव्या चाकाच्या पिना

मानकोलीच्या गॅरेजमधून मला हाकललं, त्याचं उट्टं मी सहा महिन्यांनी काढलं. लोक म्हणतात, सोडून द्यावं. का सोडावं? माझा चारचौघांत पाणउतारा झाला होता.

आमच्याकडे रिवाज होता. पुढचे ब्रेक करायचे तर दोघांनी बसायचं, एक चाक एकाचं, म्हणजे गाडी लवकर सुटते. पडघ्याहून इथल्या शाळेत शिकवायला येणाऱ्या एका बाईंची छोटी गाडी आली, तेव्हा डावं चाक माझं होतं आणि उजवं मिस्त्रीचं. मिस्त्री वीस वर्षांचा जुना, मालकाच्या गळ्यातला ताईत. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांना मी सिलिकॉनचा ग्रीस लावला. मिस्त्रीने बेअरिंगच्या डब्यातला तपकिरी ग्रीस बोटाने फासला. त्याने पिनेवरचं रबर फुगतं, पिन जाम होते, हे मी त्याला सांगितलंही. "तू मला शिकवनार का रे?" म्हणाला.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. ब्रेक दाबला की चिरकायचं, एरवी गाडी गप्प. मिस्त्रीने चाक न खोलताच फटीतून डोकावून पाहिलं. "पॅड हाय अजून, धूळ बसली आसंल." बाहेरचा पॅड दिसत होता, तो जाडच होता. पिना जाम झाल्या की आतला पॅड आधी संपतो, आणि तो बाहेरून कुठे दिसतो?

तीन आठवड्यांनी खरडल्याचा आवाज घेऊनच बाई आल्या. उजवं चाक उघडलं. आतला पॅड संपून लोखंड डिस्कवर घासत होतं, डिस्कच्या आतल्या बाजूला नखाला लागतील एवढे चरे. मालक ओरडला, "ह्ये चाक कोनी केलं?" आणि मिस्त्रीने शांतपणे माझ्याकडे बोट केलं.

मी तोंड उघडलं, तर मालक म्हणाला, "येक शब्द नको. बाईमानसाचा जीव गेला आसता. चल, नीघ!" गिऱ्हाइकं बघत होती. बाईही बघत होत्या. त्यांची ती नजर मी घरी घेऊन गेलो.

पगाराचा हिशेब होईपर्यंत माझे पाने-पकडी गोळा करताना मी पाहिलं. मिस्त्रीने डिस्क बदलली, दोन्ही चाकांना नवे पॅड घातले. डावीकडे माझ्या पिनांना हातही लावला नाही. उजवीकडच्या पिना मात्र ठोकून काढल्या, जुन्याच रबरासकट पुसल्या आणि पुन्हा तोच तपकिरी ग्रीस! मी बोललो असतो तर तिथेच काम नीट झालं असतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हटलं, होऊ दे जाम. आता तुझं नाक मीच कापतो.

नाक्याच्या पुढे, गतिरोधकाजवळ एका पत्र्याच्या शेडखाली मी काम सुरू केलं. कामं फारशी येत नव्हती. "ब्रेक बिघडवणारा तो हाच," असं मिस्त्रीने पसरवलंच होतं. रोज सकाळी बाईंची गाडी गतिरोधकावर ब्रेक लावायची आणि मी हातातलं काम थांबवून कान द्यायचो. चौथ्या महिन्यात पहिला बारीक चिरका आवाज आला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला! पण नुसत्या चिरकण्यावर मिस्त्री पुन्हा धूळ सांगून निसटला असता. मी थांबलो. ज्या दिवशी खर्रर्र ऐकलं, त्या दिवशी रस्त्यात आडवा उभा राहून गाडी थांबवली.

"बाई, गॅरेजला चला. दोन्ही चाकं सगळ्यांसमोर उघडू."

मालक आधी अंगावर आला, पण बाईंनीच हट्ट धरला. डाव्या चाकाची माझी पिन दोन बोटांनी सर्रकन बाहेर आली. उजवीकडची हातोडीशिवाय हलेना. रबर फुगून पिनेला चिकटलेलं, आतला पॅड पुन्हा खलास, नव्या डिस्कवर पुन्हा चरे. आणि उजवं चाक ह्या वेळी मिस्त्रीनेच केलं होतं, हे सगळं गॅरेज जाणून होतं. मालक मिस्त्रीकडे वळला. "आरं, येवढी वर्सं काय गवत उपटलंस काय?" मिस्त्रीची मान खाली गेली. माझ्या पोटात असं गार वाटलं म्हणून सांगू!

"बघितलंत ना बाई?" मी म्हटलं. "त्या दिवशीच मला माहीत होतं, पुन्हा जाम होणार."

बाई पिनेकडे बघत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"त्या दिवशीच?"

"हो."

"आणि मी रोज तुमच्या शेडसमोरून जात होते. माझी मुलगी बाजूला बसलेली असायची."

मिस्त्रीनेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाईंनी फोन काढला आणि गाडी ओढून न्यायला भिवंडीतल्या तिसऱ्याच गॅरेजची माणसं बोलावली. ती येईपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणालाच त्यांनी चाकाला हात लावू दिला नाही.