दोन तारखेची आठ तारीख

संयोगिताला दर महिन्याची दोन तारीख नकोशी वाटायची. साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या रक्त तपासणीच्या खोलीत ती कामाला होती. कोरेगावहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. पगार सात तारखेला संध्याकाळी खात्यात पडायचा, आणि घरावर वरच्या दोन खोल्या बांधायला तिनं स्वतःच्या नावावर काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र बँक दोन तारखेला सकाळीच कापायची. एकदा खात्यात पैसे कमी पडले. हप्ता परत गेला आणि वर पाचशे नव्वद रुपये कापले गेले.

त्यानंतर धाकटी जाऊ सोनिया दर महिन्याच्या एक तारखेला तिला पैसे पाठवू लागली. सोनियाचा नवरा दिग्विजय सैन्यात. त्याचा पगार महिनाअखेरीस यायचा. सात तारखेला स्वतःचा पगार झाला की संयोगिता ते पैसे परत करी. पण सासू अंबूबाई शेजारणीला सांगायच्या, "धाकटीनं घर सावरलंय बघ." आणि सोनिया खाली मान घालून हसायची. ते हसू संयोगिताला मिरचीसारखं झोंबायचं. सकाळी पाचला उठून डबे कोण करतं? कर्जाच्या कागदांवर सही कुणाची? आणि घर सावरलं हिनं!

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती सरळ बँकेत गेली. कर्ज विभागातले साहेब म्हणाले, "तारीख बदलता येते. पण लेखी अर्ज द्या, आणि पुढच्या हप्त्याआधी निदान पंधरा दिवस. खात्यातून हप्ता कापायचं नवं संमतिपत्रही भरावं लागेल."

"सात तारीख करा. पगार सातलाच होतो."

"पगार संध्याकाळी, हप्ता सकाळी. पुन्हा परत जाईल. आठ करा. आणि सहा दिवसांचं जादा व्याज एकदाच लागेल, ते समजून घ्या."

संयोगिता तिथल्याच बाकावर बसली. शिल्लक मुद्दल सहा लाख चाळीस हजार, दर वर्षाला नऊ टक्के. वर्षाचं व्याज सत्तावन्न हजार सहाशे. त्याला तीनशे पासष्टनं भागलं, तर दिवसाचे एकशे अठ्ठावन्नच्या आसपास. सहा दिवसांचे नऊशे सत्तेचाळीस. एवढे पैसे जायचे म्हणून जीव हळहळला. सोनियाकडून घेतले तर एक पैसा व्याज लागत नव्हता. पण सोनियाचं ते हसू डोळ्यांपुढे आलं आणि तिनं कागद मागून घेऊन अर्ज लिहिला:

"माझा पगार दरमहा ७ तारखेला जमा होतो. तरी हप्त्याची तारीख २ ऐवजी ८ करावी, ही विनंती. या बदलामुळे सहा दिवसांचे अंदाजे ९४७ रुपये जादा व्याज एकदाच होईल, याची मला कल्पना आहे. ती रक्कम मी पहिल्या बदललेल्या हप्त्यासोबत वेगळी भरेन. मुद्दलात मिळवू नये. हप्त्याची रक्कम आहे तीच राहावी."

साहेबांनी गणित तपासलं, मान डोलावली. आठवड्यानं मंजुरीचा निरोप आला. घरात तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. एक तारखेची वाट बघत राहिली.

त्या दिवशी सोनिया मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. "ताई, पाठवू न्हवं?"

"नको. माझा हप्ता आता आठ तारखेला. बँकेला लिहून दिलंय मी."

हे शब्द तिनं अंबूबाईंना ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं उच्चारले. अंबूबाई नुसत्या "बरं झालं बाई" म्हणाल्या आणि शेंगा फोडत बसल्या. सोनियाचा चेहरा उतरला. संयोगिताला गोड वाटलं. फार गोड.

संध्याकाळी नळावर सोनिया कळशी भरत होती. न बघताच म्हणाली, "ताई, मला एकदा तरी इचारायचंत."

"तुझ्यावरचं ओझं कमी केलं गं."

"कसलं ओझं? म्हयन्यात त्या पाच-सहा दिसांत ह्या घरात माझ्यामुळं कायतरी चालायचं. बाकी मी काय? त्यांनी पाठवल्यालं मोजायचं. तुमी अर्ज केलात, साहेबानं ऐकलं. माझा अर्ज कोण घील? माझ्या नावावर कायबी न्हाई." कळशी वाहू लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. "तुमी सकाळी डबा घिऊन एसटीला पळता, तवा मी दारातनं बघत्ये आन लय जळत्ये. खरं सांगत्ये."

आपल्या डब्यावर, धावपळीवर कुणी जळत असेल हे संयोगिताच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि लाज वाटावी इतकं बरंही वाटलं. तिनं पुढं होऊन नळ बंद केला.

आठ तारखेला हप्ता गेला, नऊशे सत्तेचाळीसही भरले. रविवारी दिग्विजयनं सोनियाला नवी पैठणी पाठवली. सोनियानं घडी उलगडली तेव्हा संयोगिताला पुन्हा हेवा वाटलाच. तरी तिनं पदर हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "रंग छान हाय गं." मग जरा थांबून विचारलं, "बारावी झालीय न्हवं तुझी? दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बाई पायजे हाय."

सोनियानं पैठणी तशीच मांडीवर टाकली. "पगार कवा करत्यात?" तिनं विचारलं.