जमिनीवर न पडणारा चेंडू

नात माझ्याकडे राहून इथल्या कॉलेजात शिकते, बी. एस्सी. पहिलं वर्ष. तिचे आईबाबा लांज्याला. त्या संध्याकाळी ती वही आपटून म्हणाली, "आजी, मी फिजिक्स सोडत्ये. उद्या विषय बदलायची शेवटची तारीख आहे. सरांना सांगून मोकळी होते."

मी मुळ्याच्या शेंगा मोडत होते. कॉलेजात आयुष्यभर फिजिक्सच शिकवलेली बाई मी. पण शेंगा मोडणं थांबवलं नाही. अशा वेळी आजीने दचकलं की नात हट्टाला पेटते.

"का गो?"

"माझा चेंडू जमिनीवरच पडत नाही!"

गणित असं होतं: पंधरा मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने, क्षितिजाशी तीस अंशांचा कोन करून वर फेकला. इमारतीपासून किती लांब पडेल? गुरुत्वत्वरण दहा धरा. तिने वेगाचे दोन भाग नीट पाडले होते. वरच्या दिशेचा दहा, आडव्या दिशेचा सतरा पूर्णांक तीन. मग जमिनीवर पोचायचा वेळ काढायला समीकरण मांडलं, तर वर्गमुळाखाली उणे आठ आलं. तीनदा सोडवलं, तीनदा उणे आठ. डोळे भरून आले होते तिचे.

मला एकदम हसू फुटलं. तिला वाटलं, तिलाच हसत्ये.

"अगो, तुला नाही. पहिल्या वर्षाला हेच उणे आठ घेऊन एक दोन वेण्यांची शहाणी उभी राहिली होती भर वर्गात. म्हणते कशी, 'सर, पुस्तकात छपाईची चूक आहे.' मागच्या बाकांवरची मुलं पोट धरून हसली. आणि ती शहाणी त्यांच्याकडे दयेने बघत होती, बिच्चाऱ्यांना कळत नाही म्हणून!"

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बाई, तुमचा चेंडू आभाळात कुठे शोधताय?'"

नातीला काही उलगडलं नाही. मी तिला गच्चीवर नेलं. दुपारच्या वाऱ्याने आमच्या कलमाच्या बाळकैऱ्या गच्चीवर पडल्या होत्या. एक तिच्या हातात दिली. "फेक तिरकी वर."

कैरी वर गेली, कमान करून दगडी गडग्यापलीकडे शेजारणीच्या पत्र्यावर आदळली.

"कोण ता?" पत्र्याखालून आवाज आला.

"वानरं गो, वानरं!" मी ओरडले. नात तोंडावर ओढणी धरून खाली बसली.

"हस नंतर. कैरी कुठे पडली? तुझ्या हाताच्या वर की खाली?"

"खाली."

"आणि वरची दिशा अधिक धरलीस ना? मग ते पंधरा अधिक कसे?"

"उंची कधी उणे असते का?"

"हेच म्हणाली होती ती वेण्यावाली! अगो, ही नुसती उंची नव्हे. निघाल्या जागेपासून कुठे गेला, ते विचारलंय. तू त्याला पंधरा मीटर वर पाठवलंस. तो जेमतेम पाच मीटर वर जातो. गणित बिचारं खरं सांगत होतं, की बये, तिथे हा कधीच पोचणार नाही."

ती कठड्याला टेकून, वही गुडघ्यावर घेऊन बसली. उणे पंधरा लिहिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "वेळ तीन सेकंद. सतरा पूर्णांक तीन गुणिले तीन… जवळजवळ बावन्न मीटर!" मग पेन थबकलं. "पण दुसरं उत्तर उणे एक येतंय. खोडू?"

"उत्तरात धरू नको. पण खोडायच्या आधी बघ तरी ते काय म्हणतंय."

तिने वहीत चेंडूची कमान काढली, मग तीच रेघ मागे, खाली जमिनीपर्यंत नेली. समुद्राकडून वारा आला.

"फेकायच्या एक सेकंद आधी…" ती हळू म्हणाली, "याच वाटेने तो आधीपासून येत असता, तर तेव्हा जमिनीवर असता. खालून कोणीतरी फेकलेला."

"हां."

"आणि गच्ची त्याला वाटेत लागली असती."

मी तिचे केस कानामागे सारले. मी हे वर्गात कितीदा सांगितलं होतं. मी सांगायच्या आधीच कोणी ते मला सांगितलेलं मात्र पहिल्यांदाच ऐकत होते. ती वेण्यावाली, म्हणजे मीच, तर ते उणे एक बघून म्हणाले असते, पुस्तकच फेकून द्या.

सकाळी ती नेहमीसारखी निघाली. मी पोळ्या लाटत होते. काही विचारायचं नाही असं ठरवून. मग न राहवून विचारलंच, "सरांना काय सांगणार?"

चपला घालता घालता ती म्हणाली, "पाचवं गणित अडलंय म्हणून सांगेन. कोन काढायचाय." फाटकापर्यंत गेली आणि वळली. "आजी, वानरांना सांग, कैऱ्या संपवू नका. संध्याकाळी लागतील."

पलीकडून शेजारीण म्हणाली, "काकू, तुमच्याकडली वानरं बोलायला लागली हो!"