निजामच्या हाताची चूक

नंदुरबारच्या बाजारात हाजराबीचं बांगड्यांचं दुकान होतं. नवरा निजाम गेल्यावर तिनं ते बंद केलं नाही. बायकांचे हात आधी धरायची, मग भाव करायची. हात हातात असला की बाई घासाघीस कमी करते, असं ती म्हणे. लिहायला तिला निजामनंच शिकवलं होतं, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून. त्यामुळे तिचं अक्षर थेट त्याचंच वळण घेऊन आलं होतं.

निजामला मात्र एक खोड होती. बँकेत पैसे भरले की बँकेच्या पुस्तकात ती रक्कम जमेला पडते. आपल्या वहीत तीच रक्कम बँकेच्या नावे लिहायची, कारण आता बँक आपलं देणं लागते. एक पुस्तक दुसऱ्याचं आरशातलं रूप. निजाम हे नेहमी विसरायचा, पासबुकात पाहून वहीतही जमेलाच लिहायचा, मग हाजराबी हसून खोडायला लावायची. ती स्वतः कधीही चुकली नव्हती.

निजामला जाऊन दोन वर्षं झाली आणि भाऊ अन्वरसोबत हजला जायचं ठरलं. जाण्याआधी कुणाचं देणं अंगावर नको, म्हणून तिनं खातं तपासलं. व्याज ती दरसाल वेगळं नोंदून गरिबांना देऊन टाकी, ते जुळलं. तरीही पासबुकात वहीपेक्षा अडीच रुपये जास्त निघाले.

दीर सत्तारला घेऊन ती भर दुपारी बँकेत गेली. कारकून दोधू निजामचा जुना दोस्त. तो म्हणाला, कमी असते तर गोष्ट वेगळी. जास्त आहेत, तर घे.

"दुसरानां पैसा लिसन मी हजले कशी जाऊ, दोधूभाऊ?"

दोधूनं मान हलवली आणि पासबुक उघडलं. तो रकमा वाचू लागला, ती वहीत प्रत्येकीपुढे बारीक खूण करू लागली. बाहेर रस्ता उन्हानं ओस पडला होता. रकमा संपल्या. दोन्हीकडे खुणेवाचून एकही उरली नाही. सगळं होतं आणि तरी फरक तसाच होता.

दोधूनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, अडीच रुपयांचे निम्मे कर. एखादी रक्कम उलट्या बाजूला पडली, तर फरक दुप्पट दिसतो. आपण रकमा जुळवल्या, बाजू पाहिल्या नाहीत.

निम्मे म्हणजे सव्वा रुपया. हाजराबीनं पानं मागे उलटली आणि एका पानावर तिचं बोट थांबलं. सव्वा रुपया, बँकेत भरलेला, जमेच्या बाजूला. तारीख तिच्या इद्दतीतली, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांतली होती. निजामला दफन करून महिना झाला होता, ती घराबाहेर पडत नव्हती.

"हाई मी लिखेल नही," ती हळूच म्हणाली.

दोधू वाकला. त्याला ते अक्षर ओळखू आलं, पण तो नाव घेईना. सत्तारनं सांगितलं की त्या दिवशी भरणा त्यानंच केला होता. वहीत काही न लिहिता पासबुक आणि वही बँकेतून आणून पडद्याच्या फटीतून परत आत सरकवली होती.

"आनि पैसा कोनी दिनात?" हाजराबीनं विचारलं.

"तूच, भाबी. पडदामाईन. बांगड्या वाजन्यात, तवय मी हात पुढं कया."

तिनं आपल्या मनगटांकडे पाहिलं. तिचे हात तेव्हा उघडे होते. काचेच्या बांगड्या तिनं पहिल्याच दिवशी उतरवल्या होत्या. घरात दुकानाचा माल होता, हे खरं. त्या दिवसांतलं तिला फारसं आठवत नाही, हेही खरं. अक्षर तिचं असू शकतं, कारण तिचं अक्षर निजामचंच आहे. पण चूक?

दोधूनं समजूत घातली. पैसा तुझाच, फरक मिटला, चुकलेली नोंद खोडून नावे लिही म्हणजे झालं. तिनं टाक बुडवला. जुन्या ओळीवर रेघ मारली. मग शेजारची उजवी बाजू, नावेची बाजू, नजरेनं नीट पक्की करून तिनं सव्वा रुपया लिहिला.

दोधू वहीकडे बघत राहिला. सत्तारही वाकला.

ओली शाई डावीकडे होती. जमेला.

हाजराबी घाबरलेली दिसली नाही. बोटांवर अजून कुणाची तरी बोटं असावीत, तसा तिनं हात जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग टाक दिराकडे दिला.

"तू लिख, सत्तार. हाऊ मन्हा हात आइकावाव नही."

सत्तारनं ती ओळ खोडली आणि नोंद नावेला केली. फरक शून्य झाला. खात्यातले पैसे काढून पुढच्या आठवड्यात ती अन्वरसोबत मुंबईच्या गाडीत बसली. वही तिनं सत्तारकडे ठेवली आणि निघताना एवढंच बजावलं, की परत येईपर्यंत ती उघडी टाकू नकोस.