समुद्रकाठची पांढरी गाडी

गॅरेजवर येणारी माणसं तिला लिफ्टवाल्या ताई म्हणायची. गाडी लिफ्टवर चढवायची, खाली उभं राहून पोट तपासायचं आणि काय सुटलंय, काय गळतंय, काय झिजलंय ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, हे तिचं काम. गॅरेज तिच्या वडिलांचं. त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा ताईने सगळं अंगावर घेतलं. बाबा रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन येत, दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि दिवसभर तिच्या चुका काढत.

कामाबद्दल त्यांनी ताईला कधी शाबासकी दिल्याचं कुणाला आठवत नाही. धाकट्या मुलीची गोष्ट वेगळी. ती विम्याच्या कचेरीत नोकरीला होती, गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही तिला धड ठाऊक नव्हतं, आणि ती आली की बाबांचा चेहरा उजळायचा. "चिमणे, आलीस?" एवढं म्हणायला ते खुर्चीतून अर्धे उठायचे. ताई शेजारी ग्रीसने माखलेल्या हातांनी उभी असायची. ती सकाळीच आलेली असायची, त्यामुळे तिला "आलीस?" म्हणायचा प्रश्नच नव्हता.

धाकटीने गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा ताईला आधी कुणी विचारलं नाही. गाडी थेट दारातच आली. पांढरी, चकचकीत, आतल्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. जुन्या गाड्यांच्या दलालाने ती समुद्रकाठच्या शहरातून आणली होती. चालवून बघा, संध्याकाळी कागदपत्रं करू, असं म्हणून दिवसभरासाठी धाकटीकडे सोडली होती. बाबांनी बॉनेटवरून हात फिरवला, इंजिन चालू करायला लावलं, मान कलती करून ऐकलं.

"झकास!" ते म्हणाले. "शिलाई मशीनसारखं चालतंय. चिमणे, माल पारखून आणलास."

"आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेणार तुम्हाला," धाकटी म्हणाली. "एसीत बसून."

"बरं झालं बाई. त्या स्कूटरवर कंबरेचा पार भुगा होतो."

स्कूटर ताईची होती. दर महिन्याला काम टाकून, बाबांना मागे बसवून, खड्डे चुकवत तीच त्यांना दवाखान्यात न्यायची. कंबरेबद्दल ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. तिने नुसतं लिफ्टकडे बोट दाखवलं. "वर घ्या. समुद्राची गाडी आहे, खालून बघायला हवी."

खरं सांगायचं तर, खालून बघताना तिला गंज हवाच होता. डॉक्टरला आजार सापडला की वाईट वाटतं म्हणतात. ताईला त्या दिवशी तसलं काही वाटणार नव्हतं. गाडी डोक्याच्या वर गेली, तिने टॉर्च लावला आणि पहिलीच तांबूस जागा दिसताच ओरडली, "सायलेन्सर गंजलाय! बोल्टची डोकी बघा, लालेलाल झालीत. चाकाच्या आतली डिस्क बघा. सडकी गाडी गळ्यात मारलीय हिच्या."

धाकटीचा चेहरा पडला. पण बाबांच्या डोळ्यांवर पडदा आला असला तरी डोक्यात चाळीस वर्षांचं गॅरेज होतं.

"सायलेन्सरवर तांबूस थर कुठल्या गाडीला नसतो?" ते खुर्चीतून म्हणाले. "डिस्क तर गाडी धुऊन रात्रभर उभी केली तरी तांबडी होते आणि दोन ब्रेक मारले की साफ. बोल्टची डोकी गंजली म्हणून कुणी गाडी मोडीत काढतं का? वरचा गंज आणि आतला गंज यातला फरक तुला मी शिकवलाय. का आज विसरलीस?"

ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुला बघवत नाहीय," बाबा सरळच म्हणाले. "चल चिमणे, पलीकडे चहा घेऊ. ही बसू दे गंज शोधत."

एरवी घरात असं काही झालं की माणूस भांडतं तरी. इथे भांडायलाही जागा नव्हती, कारण म्हातारा खरं बोलला होता. चहाच्या टपरीवरून धाकटीचं हसू ऐकू येत होतं. ताई गाडीखाली एकटी उभी राहिली आणि रागारागाने, पण यावेळी नीट, पुढच्या चाकापासून बघू लागली.

आता तिला हे खटकलं की गाडीचं पोट फार काळं होतं. रबरी लेप सगळ्या गाड्यांना असतो, पण कारखान्यातला लेप बेताने मारलेला असतो. इथे तो ब्रेकच्या नळ्यांवर होता, नळ्या धरणाऱ्या क्लिपांवर होता, बोल्टांवर आणि रबरी बुशांवरसुद्धा होता. बोटाला अजून चिकट लागत होता. खाली माती न धुताच कुणीतरी वरून फवारा मारला होता, नखाने खरवडलं की लेपाबरोबर वाळूही सुटून येत होती. दाराखालच्या उंबऱ्याला पाणी निघून जायला भोकं असतात, ती लेपाने बुजली होती. पाणी आत, खारी हवा आत, आणि वर रंग मात्र आरशासारखा. असा पत्रा गंज आतून बाहेर खात येतो, बाहेर दिसेपर्यंत काम उरकलेलं असतं.

तिने खिशातलं चुंबक उंबऱ्याला लावलं. पुढच्या बाजूला ते टपकन चिकटलं. मागच्या चाकाजवळ घसरून हातात आलं. तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुटी, भरली होती. मग तिने पेचकसाची मूठ उलटी धरून ठोकत मागे जायला सुरुवात केली. टण, टण, टण. आणि जिथे मागच्या चाकांचा आडवा दांडा गाडीच्या अंगाला बोल्टने धरलेला असतो, त्या जागी आवाज बदलला. थप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिने पेचकस सरळ केला आणि जरा दाबला. टोक आत गेलं. तपकिरी पापुद्रे तिच्या बाहीवर पडले.

तिला अगदी मनापासून आनंद झाला. आणि तो आनंद ओसरायच्या आत दुसरा विचार आला: आता सांगायचं कुणाला? तासाभरापूर्वी सायलेन्सरवरून गळा काढलेल्या बाईचं कोण ऐकणार? मग तिसरा विचार आला, आणि तो सगळ्यात वाईट होता. सांगायचंच कशाला? बघवत नाही म्हणाले ना? घेऊ दे. बसू दे एसीत. कधीतरी मोठ्या खड्ड्यात मागचं चाक तिरकं होईल, तेव्हा म्हणतील कुणी पारखून आणली होती.

तिने लिफ्टचं बटण दाबलंसुद्धा. गाडी हळूहळू खाली येऊ लागली. छातीच्या उंचीवर आली तेव्हा तिने बोट काढलं. का काढलं, हे तिने पुढे मैत्रिणीला सांगताना प्रत्येक वेळी वेगळं सांगितलं. एकदा म्हणाली, पुढच्या सीटवर बाबा बसलेले डोळ्यांसमोर आले. एकदा म्हणाली, बहीण आहे शेवटी. एकदा म्हणाली, माझ्या लिफ्टवरून गेलेली गाडी मोडली तर नाव कुणाचं जाणार? तिन्ही खरं असावं. गाडी परत वर गेली.

"धाकटे, इकडे ये!" तिने हाक मारली.

धाकटी आली, तोंड फुगवूनच. "ताई, मी गाडी घेतलेलीच नकोय ना तुला?"

"नकोय," ताई म्हणाली. "पोटात दुखतंय माझ्या. सकाळपासून दुखतंय. पण हा गंज काही माझ्या पोटातला नाही. हा धर पेचकस. पुढे टोच, मग इथे टोच. मी हात लावत नाही."

धाकटीने पुढच्या पत्र्यावर टोचून पाहिलं, पेचकस सटकला. मग मागे टोचलं. जोर न लावताच टोक रुतलं, आणि तिने दचकून हात मागे घेतला. तिच्या ऑफिसच्या कुर्त्यावर गंजाचा चुरा सांडला.

बाबा एव्हाना काठी टेकत आले होते. "ठोक," ते म्हणाले. "मला ऐकू दे."

ताईने ठोकलं. टण. टण. थप.

बाबांनी कान पुढे केला. "अजून एकदा," म्हणाले. तिने पुन्हा ठोकलं. त्यांनी हात वर करून बोटांनी ती जागा चाचपली, पापुद्रा चुरगळला. "ही ठिगळ लावून भागायची नाही. कापून नवा पत्रा जोडावा लागेल, आणि तरी भरवसा नाही. दुसरी बाजू?"

"तशीच. लेपाखाली."

संध्याकाळी दलाल आला. "खालून कोटिंग करून दिलंय, ते चांगलंच केलं ना मॅडम?" असं म्हणून बघितलं त्याने. ताईने त्यालाही पेचकस दिला. त्याने तो घेतला नाही, वर एकदा बघितलं, आणि मीही आधीच्या मालकाकडून अशीच उचलली हो, असं पुटपुटत किल्ली परत घेतली. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक.

इतकं झाल्यावर ताईला वाटलं होतं, आता तरी. पण बाबा धाकटीच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. "जाऊ दे गं चिमणे, मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचारीला कसं कळणार? माझ्याच कानांनी आधी ऐकायला हवं होतं." धाकटीचे डोळे भरले होते. तिला गरम चहा आला, बिस्किटं आली. गंज काढला ताईने आणि लाड झाले धाकटीचे. ताईने हात धुतले, साबणाने दोनदा धुतले, आणि कपाटाचा दरवाजा जरा जोरातच आपटला.

धाकटी मात्र नंतर तिच्यामागे न्हाणीघराच्या दारापर्यंत आली. "पुढची बघायला तूच ये माझ्याबरोबर," म्हणाली. "तुझ्याशिवाय मी एकही गाडी बघणार नाही."

"आले तर येईन," ताई म्हणाली. म्हणजे येणारच होती.

पुढची गाडी त्यांनी डोंगराकडच्या गावातून आणली. रंग उडालेली, एका दारावर ओरखडा, पण पोट कोरडं आणि ठणठणीत. ताईने ती तीन वेळा वर-खाली केली, कुठे काही सापडेना. पहिल्या फेरीला गाडी चालवणाऱ्या धाकटीशेजारी बाबा पुढे बसले. दवाखान्याला जायचं होतं. ताई मागे, गुडघे पुढच्या सीटला टेकवून. एसी सुरू होता. बाबा डोळे मिटून म्हणाले, "वा, काय चालवतेस गं."

ताई खिडकीच्या काचेला कान लावून, कुठे काही वाजतंय का ते ऐकत राहिली. काही वाजत नव्हतं. तिला जरा वाईटच वाटलं.