सूनबाईंचं दुसरं पत्र

तिच्या सासरी बोलून कुठलंही काम होत नसे. सासऱ्यांचा उभा जन्म करवतीच्या यंत्रापाशी गेलेला, कान केव्हाच कामातून गेलेले. सासूबाई एका वसतिगृहाच्या मुख्य स्वयंपाकीण होत्या. दोनशे पोरांना रांगेत जेवायला घालून घालून अशी सवय जडली होती की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांचं उत्तर तयार. राहता राहिला नवरा. तो बस चालवायचा आणि घरात कशालाही "बघू" म्हणायचा. नऊ वर्षं त्याने काय बघितलं, देव जाणे.

म्हणून तिने पत्र लिहायचं ठरवलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, वरचे-खालचे नीट मिटतात का ते बघायचं, पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. केसभर चूक झाली तरी कुणा म्हाताऱ्याची हिरडी सोलवटणार. असं काम करणारी बाई शब्दही तसेच पारखून बसवणार. पहिल्या खर्ड्यात "वेगळं" हा शब्द चार वेळा आला होता, तो तिने एकदाच ठेवला. "आम्ही ठरवलं आहे" खोडून "तुमची परवानगी असेल तर आमची इच्छा आहे" असं केलं. "तुमचा मुलगा" काढून सगळीकडे "आम्ही दोघं" घातलं, नाहीतर सून मुलाला ओढून नेतेय असा वास आला असता. तक्रार वाटेल असं प्रत्येक वाक्य गेलं, त्या जागी तीन ठिकाणी आभार आले.

मग कामाच्या गोष्टी. घर बसच्या दोन थांब्यांवर आहे, दोन खोल्या आहेत, भाडं दोघांच्या पगारात बसतं. मुलीची शाळा बदलणार नाही. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं नवऱ्याकडेच राहील. शाळा सुटल्यावर नातीने आजीकडे यावं का, हे आजीने सांगावं, आम्ही गृहीत धरलेलं नाही. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे.

इतकं सगळं खरं लिहिलं आणि नेमकं कारण लिहिताना बाई कचरली. "जागा अपुरी पडते," असं लिहून मोकळी झाली. त्यात कुणाला लागण्यासारखं काही नव्हतं ना!

खाली सही करताना नवरा म्हणाला, "तू एकटीनेच केलीस तरी चालेल की." तिने पेन त्याच्या हातात कोंबलं आणि सही होईपर्यंत हलली नाही. रविवारी सकाळी मोठ्या अक्षरातलं ते पत्र तिने सासू-सासऱ्यांच्या मध्ये ठेवलं, आणि त्यांना निवांत वाचता यावं म्हणून तिघं दोन तास बागेत जाऊन बसली.

परत आली तर काय? सासरे कानामागे पेन्सिल खोचून खोलीची मापं घेत होते.

"एवढंच ना?" ते आनंदाने म्हणाले. "आधी नाही का सांगायचं?"

मधोमध लाकडी भिंत घालायची, वर माळा काढायचा, नातीची खाट घडीची करायची. त्यांनी सगळं कागदावर काढूनही ठेवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, हातांना खाज सुटली होतीच. सासूबाई मात्र गप्प होत्या. ही बाई गप्प!

गुरुवारपर्यंत अर्धी भिंत उभी राहिली. काय देखणं काम होतं! पण त्या भिंतीची एकेक फळी वर चढताना तिचं घर हातचं जात होतं. म्हाताऱ्या माणसाने गुडघे धरून धरून आपल्यासाठी राबावं, आणि आपल्याला रडू यावं, हे कुणाला सांगणार? चूक तिचीच होती. तिने खोटं कारण दिलं होतं आणि मायेच्या माणसांनी ते इमानेइतबारे दूर केलं होतं. कामावर त्या दिवशी तिने डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. ती काढली, हात धुतले आणि जेवणाच्या सुट्टीत एका दमात दुसरं पत्र लिहिलं. खर्डा नाही, खाडाखोड नाही.

या वेळी ती बागेत गेली नाही. समोर बसली, नवऱ्यालाही बसवलं. सासऱ्यांना ऐकू जावं म्हणून सासूबाईंनी पत्र खणखणीत आवाजात वाचलं. आपलेच शब्द सासूच्या तोंडून ऐकण्याची शिक्षा कुठल्या सुनेला झाली असेल?

"तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार. जागेची अडचण आहे, पण आमचं खरं कारण ते नाही. तुमचं मन दुखेल म्हणून मी भ्याले. बाबा, त्या कारणापायी तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, मला माफ करा. या घरात मला काही कमी नाही. पण मी छत्तीस वर्षांची आहे आणि आज काय शिजवायचं हे मी अजून एकदाही ठरवलेलं नाही. आई, तुमच्या हाताखाली मी उत्तम मदतनीस आहे. मला एकदा माझं घर चालवायचं आहे, चुकत चुकत का होईना. तुमच्यापासून तुटायचं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी राहीन आणि तोंड वाकडं करणार नाही. पण नाही म्हणायचं तर या कारणाला म्हणा."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि मुलाकडे वळल्या. "तुझं काय?"

तो "ब" म्हणाला आणि थांबला. मग मान वर करून म्हणाला, "मलाही हवंय, आई. तिने सांगितलं म्हणून नाही, मला स्वतःला हवंय."

तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू आजच लग्न ठरलं होतं.

"पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "नुसत्या जागेसाठी कुणी तीन तीनदा आभार मानत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू खोटं कारण द्यायचंस आणि मी खरी परवानगी द्यायची? वाट बघत होते." त्यांनी चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या. "वाईट वाटलंय मला. नाही कसं वाटणार? पण राग नाही. जा तुम्ही. पोर मात्र शाळेतून इथेच येईल. आणि मी तुझ्याकडे आले की मला स्वयंपाकघरात शिरू द्यायचं नाही. शिरले की माझे हात काही गप्प बसायचे नाहीत."

सासरे भिंतीकडे बघत म्हणाले की खिळा एकही ठोकलेला नाही, सगळे स्क्रू आहेत, तासाभरात उतरेल. त्यांनाही केव्हापासून कळलं होतं कोण जाणे. ती हसायला लागली, हसता हसता रडली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंच्या गळ्यात पडली.

पहिल्या तारखेला घर लागलं. पहिल्या रविवारी तिने सासू-सासऱ्यांना जेवायला बोलावलं. काय करायचं हे तिने कुणालाही विचारलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं, भात तळाला लागला, आणि ती आपली गुणगुणत होती. तेवढ्यात घंटी वाजली. दार उघडलं तर सासूबाई उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभ्या, मागे सासरे.

"येऊ का आत?" सासूबाईंनी विचारलं.

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, विचारायला तिचं दारच कुठे होतं? सवयीने "तुमचंच घर आहे" असं तोंडावर आलं होतं. ते तिने गिळलं.

"या," ती ताठ उभी राहून म्हणाली. "माझ्या घरी या."

सासूबाई हसल्या आणि पाहुण्यासारख्या खुर्चीवर जाऊन बसल्या.